ललिताला कशावर ठेवायचं

आमच्या कंपनीत एका माणसाची नेमणूक करायची होती आणि त्यावर तिसरी मीटिंग चालू होती. तिसरी! पहिल्या मीटिंगला चहा झाला, दुसरीला चहा आणि भजी. तिसरीला मी मुद्दाम काहीच मागवलं नाही, म्हटलं उपाशी माणसं लवकर उठतात. कसलं काय. योगेशने स्वतःच्या पैशाने मिसळ मागवली.

कंपनी म्हणजे दिंडोरी रोडवरचं द्राक्षांचं पॅकहाऊस. माल देणारे शेतकरी तेच मालक, आणि मी त्यांची ऑफिस मॅनेजर, हर्षाली. मागच्या हंगामात आमचा एक कंटेनर युरोपात अडकला, कारण द्राक्षात औषधाचा अंश जास्त निघाला. झालं होतं असं, की लॅबचा माणूस बागेतून नमुना घेऊन गेला, रिपोर्ट स्वच्छ आला, आणि रिपोर्ट आल्याच्या आनंदात त्या शेतकऱ्याने आणखी एक फवारणी केली. तिकडचे खरेदीदार भडकले. यंदा त्यांनी बजावलं होतं: तोडणीला हो की नाही ते ठरवणारा तुमचा स्वतःचा माणूस नेमा, त्याचं नाव कळवा, नाहीतर तुमची द्राक्षं तुम्हीच खा.

माणूस मी शोधला होता. पेठकडची ललिता, शेतकी पदवीधर, सुरगाण्याच्या स्ट्रॉबेरीवाल्यांना फवारणीचा सल्ला देणारी, मोटरसायकलवर एकटी फिरणारी. प्रश्न फक्त एवढाच उरला होता, की तिला ठेवायचं कशावर. जानेवारी लागला होता, बागा गोडीला आल्या होत्या आणि आमचं ठरत नव्हतं.

"फ्रीलान्स," योगेश पावाचा तुकडा बुडवत म्हणाला. योगेश आमचा सगळ्यात तरुण संचालक. पुण्याला कसलासा कोर्स करून आल्यापासून त्याला हा शब्द फार आवडतो. "टीडीएस कापायचा, पैसे द्यायचे, विषय संपला. पीएफ नाही, रजा नाही, कटकट नाही."

"बरं. मग ती कधी येणार, कधी जाणार?"

"रोज सकाळी आठला. सही करायची."

"दुसऱ्या पॅकहाऊसचं काम केलं तर चालेल?"

"छे! आपलं माणूस आहे म्हटल्यावर दुसरीकडे कशी जाईल?"

"सुट्टी हवी असेल तर?"

"आपल्याला विचारून घ्यायची. आणि मॅडम, आपलं जॅकेट घालायला सांगा. नाव दिसायला पाहिजे."

मी कपाळाला हात लावला. "अरे योगेश, याला नोकरी म्हणतात! वेळ तू ठरवणार, काम तू सांगणार, दुसरीकडे जाऊ देणार नाहीस, आणि कागदावर फ्रीलान्स लिहिणार? उद्या तिने तक्रार केली तर कागदाचं नाव कुणी बघत नाही, काम कसं चालत होतं ते बघतात."

"ती कशाला तक्रार करंल?" हे सावळीराम काका, आमचे अध्यक्ष. मनाने वाईट नाहीत, पण पगारी माणूस म्हटलं की त्यांना फक्त खर्च दिसतो. "त्यापेक्षा कंत्राटावर टाका. पॅकिंगच्या बाया कशा संतोष ठेकेदाराकडून येत्यात, तशी ही पण येईल. एक नाव वाढवायचं."

"काका, मग तिचा मालक संतोष झाला. खरेदीदार म्हणतो तुमचा स्वतःचा माणूस हवा."

"मग हंगामापुरती घ्या. एप्रिलला राम राम."

हे त्यातल्या त्यात बरं होतं. मुदतीचा करार करता येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण एप्रिलला आमची खरड छाटणी, पावसाळ्यात फवारण्या, ऑक्टोबरला फळछाटणी आणि निर्यातीसाठी बागांची नोंदणी. काम वर्षभर होतं. आणि पुढच्या वर्षी घ्यायची की नाही हे ज्यांच्या हातात, त्यांच्याच बागेला ती नाही कशी म्हणणार? मला तिच्याकडून दुसरं काहीच नको होतं. ती एक 'नाही' हवी होती. तेवढ्यासाठी तर खटाटोप.

हे मी सांगितलं. कुणी ऐकलं नाही. काका म्हणाले, "पगारी केली तर डोक्यावर बसंल." आणि ठरलं काय, तर आधी आठवडाभर फ्रीलान्स बघू. पैसे बागेमागे. ज्या बागेला ती तोडणीची परवानगी देईल, त्या बागेचे पैसे.

"परवानगी दिली तरच?" मी विचारलं.

"मग? काम झालं तर पैसे," योगेश म्हणाला.

मी हात टेकले. मागच्या वर्षी सुनील नावाचा एक सल्लागार याच बोलीवर होता. त्याने सगळ्या बागा पास केल्या होत्या. न करून सांगतो कुणाला!

दुसऱ्या दिवशी ललिता आली. कागद तिने उभ्या उभ्या वाचला आणि परत पहिल्यापासून वाचला. मग हसली. मला त्या हसण्याची लाज वाटली.

"मॅडम, मी बाग थांबवली तर माझा दिवस फुकट?"

"हो," मी म्हणाले. "हे मी लिहिलेलं नाही. टाइप केलंय फक्त."

"पेट्रोल माझं, सुरगाण्याची दोन कामं सोडून आलेय. आणि काढायचं झालं तर?"

"एका फोनवर काढू शकतात. नोटीस नाही."

तिने कागदाची घडी करून टेबलावर ठेवली. "मला पगार थोडा कमी असला तरी चालेल, मॅडम. पण माझ्या 'नाही'चे पैसे कापले जाऊ नयेत. तसं होणार असेल तर मला पुढे बोलावू नका." आठवडाभर बघते म्हणाली, तेही मी गळ घातली म्हणून. तिचं नाव मी लगेच खरेदीदारांना मेलने कळवलं. नेमणुकीची तारीख, मोबाइल नंबर, सगळं.

आणि नशीब बघा, पहिलीच बाग सावळीराम काकांची.

मी पण गेले होते. तोडणीच्या बाया कात्र्या घेऊन तयार, क्रेट लावून ठेवलेले, गाडी बांधावर उभी. काका नवी टोपी घालून आलेले. लॅबचा रिपोर्ट स्वच्छ होता, काकांनी तो मला दोनदा दाखवला. ललिता ओळींमधून फिरली, घड खालून-वरून बघितले, आणि काकांच्या मुलाला, रोहितला तिने सहज विचारलं, "नमुना गेल्यानंतर काही मारलं का?"

रोहित बिचारा सरळ. "मारलं ना. परवा कोपऱ्यात भुरीचा रोग दिसला. पण रिपोर्ट तर आला व्हता आधीच."

मी डोळे मिटून घेतले. तेच! शब्दाला शब्द तेच, मागच्या वर्षीचं. कंटेनरभर द्राक्षं गेली तरी आमच्या माणसांना वाटतं, रिपोर्ट म्हणजे शाळेचा निकाल. एकदा पास झालं की मग काहीही करा.

ललिताने औषधाचं नाव विचारलं, बाटली मागवली, लेबल बघितलं. "आज तोडणी नाही. हे औषध मारल्यावर जितके दिवस तोडायचं नसतं, ते संपू दे. मग नवा नमुना, नवा रिपोर्ट, मग बघू."

"कोपऱ्यातच मारलंय ना," काका म्हणाले. "तो कोपरा सोडून तोडू."

"पंपाने कोपऱ्यातच मारलं की ट्रॅक्टरने, रोहितदादा?"

"ट्रॅक्टरने," रोहित म्हणाला, आणि बापाकडे न बघता बाजूला झाला. ट्रॅक्टरने म्हणजे सगळ्या बागेत.

काकांचा पारा चढला. बाया बोलावल्यात, गाडी उभी हाय, पोरगी कालची आली अन् मला शिकवती, असं सगळं झालं. शेवटी म्हणाले, "उद्यापासून येऊ नको तू. फ्रीलान्स हायेस ना? मग झालं."

ललिताने वाद घातला नाही. मोटरसायकलकडे गेली. त्या दिवसाचा तिला एक पैसा मिळणार नव्हता, आणि हे सगळं आम्ही तिसऱ्या मीटिंगमध्ये मिसळ खात ठरवलं होतं. मला इतका संताप आला, की मी पहिल्यांदाच काकांवर आवाज चढवला.

"काका, तिचं नाव खरेदीदाराला गेलंय. आता दुसरी मेल पाठवते: जी बाई आम्ही नेमली, तिने अध्यक्षांची बाग थांबवली म्हणून तिला काढली. पाठवू?"

काका बांधावर बसले. बाया कात्र्या हातात घेऊन आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"नको," मग ते म्हणाले. "थांबव तिला. पगारी करून टाक. कायम."

मला वाटलं, डोक्यात प्रकाश पडला! मी ललिताला हाक मारली. तेवढ्यात काका योगेशला फोनवर सांगताना ऐकू आले, "अरे, फ्रीलान्स माणसाला धरबंध नसतो. पगारी माणूस कसा मालकाचं ऐकतो." मी कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी राहिलं.

पण कारण काही का असेना, संधी सोडायला मी वेडी नव्हते. संध्याकाळच्या आत नेमणूकपत्र तयार केलं. पूर्ण वेळ, महिन्याचा पगार, पीएफ, पेट्रोल कंपनीचं. तोडणीचा निर्णय फक्त तिचा. पगाराचा आणि पास झालेल्या बागांचा काही संबंध नाही. काढायचं झालं, अगदी सुरुवातीच्या सहा महिन्यांतही, तर सगळ्या बोर्डाचा लेखी ठराव हवा, कारणासकट. योगेशने कुरकुर केली. काकांनी सगळं मोठ्याने वाचून घेतलं, "आपलंच माणूस हाय आता" म्हणाले आणि सही केली. ललितानेही केली, दोनदा वाचून.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी स्कूटरवरून उतरतेय तोच काकांचा फोन.

"हर्षाली, अगं ही पोरगी आज पण नाही म्हणती!"

"कशाला?"

"बागेला! मी म्हणलं, निदान वरच्या अंगाच्या चार ओळी तोडू दे. नाही म्हणती. गाडी परत पाठवली तिने." काकांच्या आवाजात राग कमी आणि गोंधळ जास्त होता. "आता तर पगार आपण देतो ना तिला?"

"देतो ना, काका," मी म्हणाले. "त्या 'नाही'चाच देतो."

फोन चालू होता. काकांच्या मागे ललिताचा आवाज येत होता, ती रोहितला नवीन नमुना कधी घ्यायचा ते सांगत होती.