आईनं बाहेर जायची पायरी

समुपदेशक ताईंच्या खोलीत दोन खुर्च्या, एक बुटकं टेबल आणि लाकडी ठोकळ्यांची टोपली होती. ठिपकी माझ्या मांडीला चिकटून बसली. हनुवटीवर तीळ आहे म्हणून ती ठिपकी. वय साडेपाच, पहिलीचा वर्ग. शाळेत जायला लागून सात महिने झाले होते आणि त्या सात महिन्यांत शाळेतल्या कुणीही तिचा आवाज ऐकला नव्हता.

ताईंनी तिला काही विचारलं नाही. नाव नाही, वय नाही. त्या जमिनीवर बसल्या आणि ठोकळे रचत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "हा लाल इथं ठेवते. हा पडणार बहुतेक. पडला बघ." ठिपकीनं बऱ्याच वेळानं एक निळा ठोकळा पुढं सरकवला. ताईंनी तो घेतला आणि रचला. वा वा केलं नाही.

प्रश्न सगळे आम्हाला होते. घरी कशी बोलते? कुणाकुणाशी? पाहुणे आले की? दुकानात? बोलायला केव्हा लागली? कानांची तपासणी झाली का? ठिपकीचा बाबा इमारतींना रंग देतो. नखांतला पांढरा रंग खरवडत तो म्हणाला, "घरी तर हिची टकळी बंद होत नाही, ताई. माझी शिडी घराबाहेर ठेवतो, नाहीतर तिच्यावर चढून भाषण देईल."

"शाळेत?"

"दगड," तो म्हणाला आणि हसला नाही.

उत्तरं देताना मला माझाच आवाज लांबून येत होता. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दिवसभर यंत्राची घरघर असते, तिच्यातून माणसं बोलतात तशी मला सगळी माणसं तेव्हा ऐकू यायची. माझी नणंद म्हणायची, "घुमी आहे, तुझ्यावरच गेलीय." मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणायच्या, "घरी पोपट आणि शाळेत पुतळा. लाडावून ठेवलीय." सुरुवातीला हे बोचायचं. पुढे बोचायचं थांबलं. शाळेत ठिपकीला लघवीला जायचं असलं तरी सांगता यायचं नाही. ओल्या कपड्यांची पिशवी मी रोज घेऊन यायची, धुवायची, वाळत घालायची. हात आपोआप करायचे.

महिनाभर चाचपणी चालली. कान तपासून झाले, छान निघाले. वर्गाच्या बाईंनी एक लांबलचक प्रश्नावली भरली. ताई दोनदा वर्गात मागच्या बाकावर बसून गेल्या. आणि त्यांनी घरातल्या बोलण्याचं थोडं चित्रण मागितलं, शब्द नीट येतात ना ते पाहायला. मी फोनवर घेतलं. ठिपकी रंगाच्या डब्यांची झाकणं मांडून गात होती:

झाकण निघालं फिरायला
चमचा भेटला वाटेत
चमचा म्हणाला चल घरी
झाकण बसलं ताटात

शेवटी ताई म्हणाल्या, "हा हट्ट नाही. भीती आहे. तिला बोलायचं असतं, पण शाळेत घसा आवळतो. निवडक मौन म्हणतात याला. जितकं 'बोल, बोल' कराल तितकं ते घट्ट होईल. आणि जितकं तुम्ही तिच्या वतीनं बोलाल, तितकंही."

हे शेवटचं त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. दुकानात, दवाखान्यात, जिन्यात कुणी ठिपकीला काही विचारलं की तिचं उत्तर माझ्या तोंडातून निघायचं. तीन वर्षं निघत होतं.

मोठ्या बाईंनी ताईंचा अहवाल वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "सत्र संपेपर्यंत शाळेतल्या एका तरी मोठ्या माणसाशी ती बोलली पाहिजे. नाहीतर दुसरी शाळा बघावी लागेल. मी तोंडी परीक्षेचे गुण कुठून आणू?" त्यांनी बदलीचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. "घरी ठेवा. लागलाच तर असावा."

योजना एका मोठ्या कागदावर होती. ताईंनी शिडी काढली, ठिपकीनं पायऱ्या रंगवल्या. शाळा भरायच्या आधी पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार सकाळी. पहिली पायरी, रिकाम्या वर्गात फक्त मी आणि ती, दार बंद. आळीपाळीनं अंक मोजायचे, एक मी, दोन ती. दुसरी, दार किलकिलं. तिसरी, वर्गाच्या बाई दाराबाहेर. चौथी, बाई आत, पण पाठ करून, वह्या तपासत. मग जवळ, मग समोर, मग मोजण्यात बाईंचीही पाळी. मग मी खुर्ची मागं घ्यायची. शेवटच्या पायरीवर ठिपकीनं जांभळा रंग दिला होता. ती पायरी आईनं बाहेर जायची.

"एक पायरी सोपी वाटेपर्यंत दुसरी नाही," ताई म्हणाल्या. बाईंनाही नियम होते. थेट प्रश्न नको. मुलांपुढं 'ती बोलत नाही' म्हणायचं नाही. बोलली तर टाळ्या नकोत. बाकावर पिवळं कार्ड ठेवायचं, ते उलटं केलं की शौचालयाला जायची परवानगी.

पिवळ्या कार्डानं पहिल्याच आठवड्यात ओल्या कपड्यांची पिशवी बंद झाली. तिसऱ्या आठवड्यात बाई दाराबाहेर उभ्या असताना ठिपकी चौदापर्यंत मोजत गेली. बारीक आवाज, सुईत दोरा ओवावा तसा. मला आनंद व्हायला हवा होता. मी पंधरा म्हटलं.

त्याच दिवशी दुपारी घ्यायला गेले तेव्हा बाई फुललेल्या चेहऱ्यानं पुढं आल्या. तरुण आहेत, मनानं लोण्यासारख्या. "अहो, आज मी गंमत केली! ताईंनी पाठवलेलं ते गाणं आहे ना माझ्याकडे, झाकणाचं? वर्गाला ऐकवलं. मुलांना वाटतं हिला आवाजच नाही. म्हटलं, ऐका किती गोड गाते!"

"ती काय करत होती?"

"बसली होती. शांत." आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

त्या संध्याकाळी ठिपकी घरीही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. बोटानं दाखवायची, मान हलवायची. बाबानं नाकावर रंग लावून घेतला, शिडीवरून पडायचं नाटक केलं. ती बघत राहिली. झाकणं डब्यांवर बसवून तिनं कोपऱ्यात ठेवून दिली.

नऊ दिवस घरात भांड्यांचा आवाज होता, नळाचा होता, जिन्यातल्या पावलांचा होता. मी काचा घासायला जायची, यायची, पोळ्या लाटायची. बदलीचा अर्ज फळीवर होता. एका रात्री मी त्यावर तिचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. सहीची जागा तेवढी राहिली, कारण पेनातली शाई संपली, आणि दुसरं पेन शोधायला उठावंसं वाटलं नाही.

दहाव्या दिवशी माझा फोन दुकानातच राहिला. बाबाचा कामावर रंगाच्या बादलीत पडला होता, तो दुरुस्तीला. मी कांदा चिरत होते.

"आई, मला पण दे सोलायला."

मी सुरी थांबवली नाही. मागे वळले नाही. ताईंनी शिकवलं होतं. "हा घे," म्हटलं आणि एक कांदा मागे सरकवला. ती बोलत सुटली. कांद्याच्या सालीबद्दल, बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीच्या पडलेल्या दाताबद्दल. मला तेव्हा कळलं. नऊ दिवस ती आमच्याशी अबोला धरून नव्हती. खोलीत फोन असायचा, आणि फोन ऐकतो, नेतो, वर्गात नेऊन वाजवतो.

दुसऱ्या दिवशी फोन आणला. तिच्यासमोर ते गाणं पुसलं. "बाईंच्या फोनमधलंही पुसायला सांगू?" तिनं मान डोलावली.

शाळेत बाई जमिनीवर बसल्या, तिच्या बाजूला, तिच्याकडे न पाहता. "मी तुला न विचारता तुझं गाणं सगळ्यांना ऐकवलं. चुकलं माझं. आता पुसून टाकते, बघ. पुन्हा नाही करणार." त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. वह्या उचलल्या आणि गेल्या. मला त्यांचे डोळे दिसले. मला त्यांचा राग यायला हवा होता, किंवा कीव. काहीच आलं नाही.

शिडी पहिल्या पायरीपासून. रिकामा वर्ग, दार बंद, एक, दोन. सत्र संपायला पाच आठवडे उरले होते. ताई म्हणाल्या, "घाईनं गेलात तर परत पडेल. तारीख मोठ्या बाईंची आहे, पायऱ्या तिच्या आहेत." या वेळी ती भरभर चढली, मग चौथ्या पायरीवर आठ दिवस अडली, मग पुन्हा चढली. बाई समोर बसून मोजण्यात आल्या: एक मी, दोन ठिपकी, तीन बाई. दोन म्हणताना ती माझ्याकडे बघायची, पाच म्हणताना खिडकीकडे. पण म्हणायची. मी खुर्ची मागे घेत गेले. फळ्यापाशी, कपाटापाशी, दारापाशी.

सत्र संपायला तीन दिवस असताना जांभळी पायरी आली. ठरल्याप्रमाणे पाचावर मी म्हटलं, "मी नळावर पाणी पिऊन येते," आणि उठले. दार पूर्ण लावायचं. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचं. ताईंनी बजावलं होतं, दाराला कान लावायचा नाही. तिला तुमची सावलीही दिसता कामा नये.

नळावर मी उभी राहिले. पाणी प्यायले. पुन्हा प्यायले. तिचा पहिला शब्द, पहिलं हसू, पहिली शिवी, सगळं मी ऐकलेलं. हे ऐकायचं नव्हतं. आत आवाज असेल किंवा नसेल, माझ्यापर्यंत फक्त नळाचं थेंब थेंब येत होतं.

पंधरा मिनिटांनी बाई बाहेर आल्या. हसल्या नाहीत, जपून चालत आल्या, भरलेलं भांडं आणावं तशा. कागद दाखवला. सहा ते तीसपर्यंत खुणा होत्या, दोघींच्या आळीपाळीनं. खाली त्यांनी लिहिलं होतं: 'मी मुद्दाम सोळा गाळले. म्हणाली, बाई, सोळा राहिले.'

"आवाज कसा होता?" मी विचारलं.

"बारीक. पण चूक काढतानाचा असतो ना, तसा ठाम."

कचेरीत मोठ्या बाईंनी कागद वाचला. "बोलवा तिला. मलाही ऐकू द्या."

"नाही," बाई म्हणाल्या. मान खाली होती, पण म्हणाल्या. "एकदा ऐकवून बसलेय मी. तुम्ही एका मोठ्या माणसाशी म्हणाला होतात. मी ऐकलंय. सही करून देते."

मोठ्या बाईंनी पेन बराच वेळ बोटांत फिरवलं. "आणि वर्गात?"

"वर्गात अजून नाही. पुढच्या शिडीवर शेजारची मुलगी आहे. मग दोन मुली. मग चार."

"म्हणजे वर्ष जाणार."

"जाईल."

मी बरोबर आणलेला बदलीचा अर्ज त्यांनी माझ्या हातातून घेतला, पाहिला, आणि दुमडून कपाटातल्या जुन्या कागदांत टाकला. "तोंडी परीक्षा तुम्हीच घ्या, बंद खोलीत," त्या बाईंना म्हणाल्या.

घंटा झाली. मुलं आत लोटली. ठिपकी आपल्या बाकावर तोंड मिटून बसली, दात पडलेल्या मुलीच्या शेजारी. बाई दारात येऊन हळूच म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही फाटकापासूनच गेलात तरी चालेल."

"बरं," मी म्हटलं.

फाटकाबाहेर आले. रडू येईल असं वाटलं होतं. ते आलं नाही. कोपऱ्यावरच्या भट्टीतून ताज्या पावाचा वास येत होता, आणि माझ्या लक्षात आलं की मला भूक लागलीय. खरी, पोटात खड्डा पडावा अशी. मी एक पाव घेतला आणि कामाला जाता जाता, रस्त्यात, उभ्यानंच सगळा खाल्ला.