दहापैकी दहा

नव्या कामगारांना सुरक्षेचे धडे देणाऱ्या बाईंना सगळा कारखाना सेफ्टीबाई म्हणे. त्यांनी जुनी प्रश्नपत्रिका टराटरा फाडली, तेव्हा साहेबांचा चहा घशातच अडकला.

"अहो, त्यात सगळे पास होत होते!"

"होणारच. प्रत्येक उत्तर 'क' होतं. गेटवरच एकमेकांना सांगतात, डोळे मिटून 'क' लिही म्हणून."

सेफ्टीबाईंच्या थोरल्या बहिणीलाही त्याच कागदावर दहापैकी दहा पडले होते. तिसऱ्या आठवड्यात माल वाहून नेणाऱ्या मशीनच्या पट्ट्यात तिचा हात गेला. त्या दहा गुणांचा सेफ्टीबाईंना अजून संताप येई.

त्यांनी वीस मिनिटांचा नवा पाठ बनवला. भाषणबाजी नाही, फक्त रोज घडणारे प्रसंग आणि प्रत्येकामागे एक प्रश्न. तेल सांडलंय, काय कराल? मशीनची जाळी सैल आहे, कुणाला सांगाल? चौथा प्रसंग असा: पट्ट्यात खोका अडकलाय, सुपरवायझर म्हणतो, मशीन बंद करायला वेळ नाही, हात घालून काढ. काय कराल?

बारा नव्या माणसांपैकी नऊ जणांनी लिहिलं, 'सुपरवायझर सांगेल तसं.'

साहेब कागद नाचवत आले. "चौथा प्रश्न काढा. तासाभरात बाराही जण मला लाईनवर हवेत."

"काढणार नाही. चुकलेत तर पुन्हा शिकवीन."

"माझ्या सुपरवायझरांविरुद्ध माणसं फितवताय तुम्ही!"

"मग लिहून द्या, चालू पट्ट्यात हात घालावा म्हणून. खाली सही करा, मी तेच शिकवते."

साहेबांनी पेनाला हातही लावला नाही.

सेफ्टीबाईंनी बाराही जणांना रिकाम्या पट्ट्यापाशी नेलं. मशीन थांबवायचं, मुख्य स्विच बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप आणि नावाची पाटी लावायची, चावी स्वतःच्या खिशात ठेवायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला मशीन सुरू करता येत नाही. मग सुरूचं बटण दाबून मशीन खरंच मेलंय ना, ते बघायचं. "कळलं का?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही, कारण त्याला सगळे 'हो'च म्हणतात. प्रत्येकाकडून करून घेतलं.

साहेब मागे उभे होते. त्यांनी पट्टा सुरू करायला लावला, त्यात एक खोका आडवा सारला आणि बारा जणांतल्या सगळ्यात बुजऱ्या बाईला फर्मावलं, "ए, काढ तो पटकन. बंद करत बसू नकोस."

बाईने सेफ्टीबाईंकडे पाहिलं. सेफ्टीबाईंनी फक्त तिचा कागद वर काढला.

बाईने पट्टा थांबवला, स्विच बंद केला, कुलूप लावलं. बटण दाबून पाहिलं. मग खोका काढला.

"आण ती चावी इकडे," साहेब ओरडले.

तिने खिशावर हात घट्ट दाबून धरला. "कुलूप माझं आहे, साहेब. ते मीच काढणार."

सेफ्टीबाईंनी तिच्या कागदावर 'पास' लिहिलं आणि तिथेच, साहेबांसमोर, पुढच्याला हाक मारली.