नोंदीपुरती जागा

वैभव परबने सुरुचीला पाठवलेल्या पहिल्या मेलमध्ये एकच ओळ होती : ‘मला बोलावं लागणार नाही असं कार्ड हवं आहे.’

वैभव एक्केचाळीस वर्षांचा होता. लालबागला चाळीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तो आर्किटेक्ट लोकांना इमारतींची मॉडेल्स बनवून द्यायचा. फुटभर उंचीचे टॉवर, नखाएवढे जिने, त्यांना सुईसारखे कठडे. हातात असलं कसब की बघणारा वाकून वाकून बघायचा. पण लहानपणापासून त्याची जीभ अडखळायची, आणि सगळ्यात जास्त अडायची ती स्वतःच्या नावावर. ‘वै’ ओठांशी येऊन थांबायचा. समोरचा माणूस सेकंदभर बघायचा, मग आपणच काहीतरी बोलून टाकायचा.

त्यामुळे बोलायचं काम त्याच्या वडिलांचं, कोंडीरामांचं. कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात आयुष्य काढल्यामुळे त्यांचा आवाज अजून चार खोल्यांपलीकडे जायचा. गिऱ्हाइकाचा फोन तेच घ्यायचे, मीटिंगला तेच पुढे व्हायचे, ‘ह्यो माझो झील, वैभव’ म्हणून ओळखही तेच करून द्यायचे. पण यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि नेमकं तेव्हाच परळच्या एका जुन्या गिरणीच्या शेडमध्ये आर्किटेक्ट आणि कारागिरांचा मेळावा ठरला. वैभवला टेबल मिळालं होतं.

“मी येतंय,” कोंडीराम म्हणाले. “माझो गुडघो दुखता, तोंड नाय.”

डॉक्टरांनी महिनाभर घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं. मग वैभवने एका ओळखीच्या आर्किटेक्टकडून सुरुची विजयकरचा पत्ता मिळवला.

सुरुची ठाकूरद्वारला आजोबांच्या जुन्या जागेत एकटीच डिझाइनचं काम करायची. तिशीची असेल. वैभव जिना चढून आला, तेव्हा तिने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि आपला फोन सरकवला.

“वैभवदादा, हा तुमचा मेल. माझ्याकडे असा दिसतो.”

मजकुराखाली, सहीच्या जागी, एक रिकामी चौकट होती.

“इथे तुमचं नाव आहे, नंबर आहे, गणपती आहे. पण ते सगळं एका चित्रात आहे. बऱ्याच ठिकाणी मेलमधली चित्रं आपोआप उघडत नाहीत. आणि उघडलं तरी चित्रातल्या नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही. कोणी केलं हे?”

“ब... बॅनरवाल्याने,” वैभव म्हणाला.

सुरुची हसली, पण त्याच्या अडखळण्याला नाही, हे त्याला कळलं. तिने तिथल्या तिथे चार ओळी टाइप केल्या. नाव. त्याखाली ‘वास्तूंची मॉडेल्स, लालबाग’. मग फोन नंबर. शेवटी कामाचे फोटो असलेल्या पानाची लिंक. एकच साधा टाइप, एकच रंग.

“क... क्यूआर कोड?” वैभवने विचारलं.

“मेलमध्ये नको. वाचणारा फोनवरच वाचत असतो, तो स्वतःच्याच स्क्रीनचा फोटो कसा काढणार? तिथे लिंक पुरे. कोड तुमच्या टेबलावर. माणूस फोन धरेल, तुमचं नाव-नंबर त्याच्या फोनमध्ये उतरेल, त्याने सेव्ह म्हटलं की झालं. आणि ही माहिती मी थेट कोडमध्येच भरते. गिरणीच्या भिंती जाड असतात, आत नेट मिळेल न मिळेल. याला नेट लागत नाही.” ती लिहिता लिहिता थांबली. “हा नंबर तुमचाच ना?”

वैभवने मान हलवली. नाही.

“मग कोणाचा?”

“बा... बाबांचा.”

“म्हणजे लोक सेव्ह करतील वैभव परब, आणि फोन उचलणार बाबा?”

प्रश्न साधाच होता. नंबर कुठला टाकायचा एवढंच तिला हवं होतं. वैभवने ग्लास उचलला, पाणी प्यायला, आणि उद्या कळवतो असं खुणेनेच सांगितलं.

घरी परत जाताना बसमध्ये त्याने फोन काढला. लिहिताना तो कधी अडखळत नसे. मेल लांबत गेला. मेलखाली आणि कोडमध्ये, दोन्हीकडे नंबर माझाच टाका, असं त्याने लिहिलं. मग लिहिलं की मी तोतरा आहे, फोनवर सुरुवातीला काही ऐकू येत नाही म्हणून लोक ‘हॅलो हॅलो’ करून ठेवून देतात, तर त्यांनी ठेवू नये, मला बोलता येतं, फक्त वेळ लागतो, हे त्यांना आधी कळलं तर बरं होईल, असं कुठे लिहिता येतं का? पाठवल्यावर त्याला वाटलं, परत घ्यावा. तोवर उत्तर आलं होतं.

‘येतं. कॉन्टॅक्टमध्ये नोंदीची जागा असते. नंबर सेव्ह झाला की नोंदही त्याच्याबरोबर राहते. तुमचं नाव काढून फोन करायला गेले की समोर दिसेल. वाक्य तुम्ही द्या.’

वैभवने पाच वाक्यं पाठवली. दुसऱ्या दिवशी सुरुचीने त्या कोडचं चित्र पाठवलं. बारीक रवा सांडल्यासारखं दिसत होतं. तिने खाली लिहिलं होतं, ‘मजकूर जितका जास्त, तितके ठिपके बारीक. माझ्या जुन्या फोनला हा वाचताच येत नाही. मराठी अक्षरं कोडात इंग्रजीच्या जवळपास तिप्पट जागा खातात. नोंद इंग्रजीत करू?’

‘नको,’ वैभवने लिहिलं. ‘मराठीतच.’

मग दोघांनी मिळून काटछाट केली. घरचा पत्ता गेला, तो लिंकच्या पानावर होताच. दुसरा नंबर गेला. ‘प्रोप्रायटर’ गेलं. पाच वाक्यांची तीन झाली, तीनची दोन. या कामात वैभवचा हात धरणारा कोणी नव्हता. जन्मभर तो बोलण्याआधी प्रत्येक वाक्यातले नको ते शब्द गाळत आला होता. शेवटी उरलं : ‘बोलताना अडखळतो. थांबा, सांगतो.’

सुरुचीने नवा कोड पाठवला. ठिपके मोकळे, मोठे झाले होते.

कोड कागदावर छापण्याऐवजी वैभवने तो स्वतःच करायचा ठरवला. आधी सागाच्या पातळ पट्टीवर लेझरने कोरला. दिसायला सुरेख, पण फोन नुसता बघत राहिला. तपकिरीवर तपकिरी ठिपके त्याला वेगळे दिसेनात. मग त्याने पांढऱ्या जाड बोर्डावर काळ्या कागदाचे चौकोन कापून बसवले. कडेला चारही बाजूंनी पांढरी पट्टी मोकळी सोडली. ती बुजवलीत तर कोड कुठे सुरू होतो तेच फोनला कळणार नाही, असं सुरुचीने बजावलं होतं. दोन दिवस लागले. ‘जुन्या फोनवर, कमी उजेडात, दोन हात लांबून बघा,’ असंही तिने कळवलं होतं.

घरातला सगळ्यात जुना फोन कोंडीरामांचा. ते खाटेवर पाय लांब करून बसले होते. वैभवने बोर्ड समोर धरला.

“काय करूचा?”

वैभवने कॅमेरा उघडून दिला. कोंडीरामांनी फोन पुढे-मागे केला. स्क्रीनवर पिवळी पट्टी आली, त्यांनी ती दाबली. मुलाचं नाव आलं. त्यांनी चष्मा नीट केला आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागले. नाव, नंबर, मेल. “ह्यो नंबर तुझो टाकलस,” ते म्हणाले. मग खाली सरकले.

“बोलताना अडखळतो. थांबा...” पुढचा शब्द त्यांनी मोठ्याने वाचला नाही.

त्यांनी फोन मांडीवर ठेवला.

“माका कधी सांगलस नाय, थांबा म्हणान.”

वैभवने बोर्ड खाटेवर ठेवला. “तु... तुम्ही...” तो अडला. कोंडीरामांचे ओठ हलले. वैभवला ओळखीचं होतं ते. पुढचं वाक्य तेच पुरं करणार होते. पण त्यांनी तोंड मिटलं आणि चादरीचा काठ मुठीत धरून बसून राहिले.

“तुम्ही ब... बोलायचात म्हणून माझं... माझं काम चाललं, बाबा,” वैभव म्हणाला. “प... पण मला पण ब... बोलायचंय.”

वाक्य पुरं व्हायला वेळ लागला. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होऊन लांब गेली.

“तुझ्या आवशीन माका सांगितलेला,” कोंडीराम म्हणाले. “पोराक बोलूक दी. माका वाटला, लोक हसतीत. माका ता बघवलाच नसता.” मग त्यांनी फोन पुढे केला. “ह्यां सेव कसा करतत, दाखव.”

मेळाव्याच्या संध्याकाळी शेडमध्ये खरंच नेट नव्हतं. पलीकडच्या टेबलावरचा सिरॅमिकवाला लोकांना सांगून दमला, की कोडमधल्या लिंकचं पान उघडेल, जरा बाहेर जाऊन बघा. वैभवच्या टेबलावर एका ग्रंथालयाचं लाकडी मॉडेल होतं आणि शेजारी काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा बोर्ड. लोक आधी बोर्डालाच मॉडेल समजायचे, हात लावून बघायचे, मग फोन काढायचे. काही जण नुसतंच सेव्ह करून हसून पुढे जायचे. एकाने नोंद वाचली आणि घाईघाईने ‘ओके ओके’ म्हणत निघून गेला. वैभवने ग्रंथालयाचा जिना उगाच सरळ केला.

साडेसातच्या सुमारास पांढऱ्या केसांच्या एक बाई आल्या. त्यांनी मॉडेल पाहिलं, कोड धरला, चष्मा कपाळावर सरकवून नोंद वाचली. मग फोन पर्समध्ये टाकला, शेजारची खुर्ची ओढली आणि बसल्या.

“माझी घाई नाही,” त्या म्हणाल्या. “मी सुमती धुरंधर. माहीमला माझं ऑफिस आहे. तुम्ही?”

नाव त्यांच्या फोनमध्ये होतं. तरी त्यांनी विचारलं होतं. वैभवने ओठ उघडले. ‘वै’ आला, थांबला, परत आला. त्या बघत होत्या, सहानुभूतीने नाही, नुसत्या, बस यायची वाट बघावी तसं. त्यांनी मान डोलावली नाही, शब्द पुरवला नाही.

“वैभव परब,” तो म्हणाला.

“हा जिना एकाच लाकडात केला आहे का?”

तो एकाच लाकडात केला नव्हता. सात तुकडे होते, शिवणीच्या लाकडाचे, आणि सांधे कसे लपवले हे सांगायला वैभवला वीस मिनिटं लागली. मध्ये दोनदा तो साफ अडला. बाईंनी दोन्ही वेळा मॉडेलकडे बघत वाट पाहिली आणि नंतर नेमका पुढचा प्रश्न विचारला. त्यांना एका जुन्या प्रसूतिगृहाच्या इमारतीचं मॉडेल हवं होतं, पाडण्याआधी ती होती तशी.

त्या गेल्यावर वैभवने शेडबाहेर येऊन सुरुचीला मेल लिहिला. तिचं बिल मिळालं, असं कळवलं, आभार मानले. पाठवताना खाली तिने केलेल्या चार ओळी आपोआप आल्या. त्याने तिसरी, फोन नंबरची ओळ उघडली आणि नंबरपुढे दोन शब्द घातले : ‘फोन करा.’