जित्या शेखांवरची दया

दमिश्कच्या मोठ्या मशिदीच्या पूर्वेच्या दाराबाहेर पुस्तकवाल्यांची ओळ होती, आणि त्या ओळीत अबू शिहाबचं दुकान. परवा वारलेल्या एका काझीच्या घरची पुस्तकं लिलावात निघाली होती. त्यातलं एक गाठोडं त्याने घेतलं होतं. दुपारची नमाज आटोपून तो ते सोडायला बसला. वर व्याकरणाच्या दोन जाडजूड पोथ्या होत्या, मग औषधांची एक, आणि सगळ्यांत खाली दबलेली, तपकिरी पडलेली एक बारीकशी पोथी. पहिल्याच पानावर नाव होतं: शेख मुफर्रिज यांची प्रवचनं.

अबू शिहाबचा हात तिथेच थांबला.

शेख मुफर्रिजना ज्याने ऐकलं नाही, त्याला हे सांगून कळायचं नाही. ते बोलायला बसले की बोलणं कधी गाणं होई आणि गाणं कधी रडणं, ते ऐकणाऱ्याला उमगत नसे. भाजी घ्यायला निघालेली बाई टोपली कमरेवर तशीच धरून पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत उभी राही. त्यांनी स्वतः एक अक्षर लिहून ठेवलं नाही. ते गेले, आणि वर्षभरात गावभर त्यांच्या नावाने वाटेल ते खपू लागलं. कुणी म्हणे त्यांनी स्वप्नांचे अर्थ सांगितले, कुणी म्हणे अमुक ताईत बांधायला सांगितला. नाव शेखांचं, माल भलत्याचाच.

अबू शिहाबने मधलं एक पान उघडलं. 'तू दार ठोठावतोस आणि म्हणतोस, उघडत कसं नाही? अरे, तू आतच उभा आहेस. बाहेरून ठोठावतोय तो, आणि तू कडी लावून बसलायस.' त्याने ओळ मनातल्या मनात वाचली, तरी ती शेखांच्याच चालीत वाजली. 'बसलायस' वर ते स्वर असा काही खाली सोडत की ऐकणारा आपोआप मान खाली घाली. तोच स्वर होता. अबू शिहाबने बाहीने डोळे पुसले.

शेवटच्या पानावर दाखला होता. पोथी गुरूसमोर वाचली जाते, आणि कोण वाचत होतं, कोण ऐकत होतं, कुठे, कोणत्या साली, हे सगळं त्याच पोथीत लिहून ठेवतात. असा दाखला नसेल तर पोथी म्हणजे बिनमाय-बापाचं लेकरू. इथे तो होता: शेखांच्या घरी, शेखांसमोर, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. खतीब कमालुद्दीन म्हणजे डोंगराकडच्या मशिदीत शुक्रवारचं प्रवचन देणारे. उपासाच्या महिन्यात लोकांना वाचून दाखवायला ते असंच काही शोधत होते. अबू शिहाबने त्यांना लगेच निरोप धाडला, आणि मग दाखला पुन्हा चवीने वाचायला घेतला. तिथे त्याला खडा लागला.

'शेख मुफर्रिज, अल्लाह त्यांच्यावर दया करो, यांच्यासमोर वाचली.'

दया करो! हे तर गेलेल्या माणसासाठी म्हणतात. समोर बसलेल्या गुरूच्या नावापुढे 'अल्लाह त्यांना उदंड आयुष्य देवो' असं लिहायचं, ही रीत मदरशात पाय ठेवल्या दिवशीच हाडीमाशी भिनते. जित्या माणसाच्या नावामागे कुणी कैलासवासी लिहील का? शेख गादीवर बसून ऐकतायत आणि लिहिणारा त्यांना मेलेला धरून चाललाय.

अबू शिहाब पोथी घेऊन उंबऱ्याशी उजेडात आला. आता तो भक्त राहिला नाही, पुस्तकवाला झाला. आधी कागद पाहिला. जुनं पान कडेला करपतं आणि शिवणीजवळ, जिथे हवा पोचत नाही, तिथे उजळ राहतं. हे पान कडेपासून शिवणीपर्यंत एकसारखं तपकिरी होतं. नाकाशी धरलं तर भिजल्या पेंढ्याचा वास, आणि त्यामागे केशराची पुसट झुळूक. कुणीतरी पेंढ्याच्या काढ्यात केशर घालून पानं बुडवली होती. पण किडीची भोकं मात्र खरी होती, म्हणजे कागद कुठल्यातरी जुन्या वहीतला, कोरा. पोथी आधी लिहिली आणि कीड मग लागली, तर कीड अक्षर कुरतडते आणि भोकाची कड स्वच्छ राहते. इथे शाई भोकाच्या कडेत झिरपून दाढीसारखी पसरली होती. खळ लावून घोटलेल्या कागदावर शाई अशी पसरत नाही. कीड जिथे खळ खाऊन गेली तिथेच ती पसरते. म्हणजे आधी कीड, मग लेखणी.

मग वर्तुळं. प्रत्येक परिच्छेद संपला की नकलाकार तिथे एक पोकळ वर्तुळ काढून ठेवतो. नंतर मूळ पोथीशी ताडून पाहिलं की त्या वर्तुळात टिंब देतात. ताडायला दुसरा दिवस लागतो, दुसरी शाई, पुष्कळदा दुसरा हात. इथे वर्तुळ आणि टिंब एकाच दमात, एकाच शाईने पडलं होतं. कशाशी न ताडताच ताडल्याची खूण.

शेवटी त्याने पानावरून बोट फिरवलं. ओळी सरळ याव्यात म्हणून नकलाकार दोरे ताणलेल्या पाटीवर कागद दाबतात, त्याच्या वळ्या कागदावर उठतात. इथे प्रत्येक पानाला वरून चौथ्या वळीत डाव्या अंगाला एक बारीक गाठ लागत होती. तुटलेला दोरा जोडल्याची गाठ. ही गाठ अबू शिहाबच्या बोटांना आपल्या घरच्या उंबऱ्यासारखी ओळखीची होती. त्याच्या दुकानासाठी नकला करणाऱ्या वहबानच्या पाटीची ही गाठ; वर्षानुवर्षं तिची पानं त्याने विकली होती.

"वहबान," तो स्वतःशीच म्हणाला, "काय करून बसलास रे बाबा."

वहबान दुसऱ्याच दिवशी एक तयार नक्कल घेऊन आला. पन्नाशीचा, किडकिडीत, बोटं शाईने कायमची काळी. अबू शिहाबने नक्कल बाजूला ठेवली आणि ती बारीक पोथी पुढे सरकवली.

"ही बघ रे जरा. काझीच्या घरातून निघाली. मोठं नशीब आपलं."

वहबानने ती हातात घेतली नाही. "चांगली दिसतेय."

"चांगली? फारच चांगली. इतकी चांगली की शेख जिवंत असतानाच तू त्यांच्यावर दया मागितलीस."

वहबानने पोथी ओढून शेवटचं पान उघडलं. "मला दिसलं नाही ते," तो म्हणाला. "हातानेच लिहिलं. अबू शिहाब, ते गेल्यापासून मी त्यांचं नाव नुसतं कधी घेतलंच नाही. दयेवाचून ते जिभेवर येतच नाही."

"लबाडी करायची तर लबाडासारखी करावी. तुझी भक्ती मध्ये कडमडली."

"हसा तुम्ही. पण शब्द त्यांचेच आहेत. एकूणएक. त्यांच्या पायाशी बसून ऐकलेत, घरी चालत जाताना घोकलेत. हे ताईतवाले त्यांच्या नावाने काय काय विकतायत, तुम्हाला ठाऊक नाही? मी खरं ते पुढे करायला गेलो तर विचारतात, दाखला कुठाय? तू कोण, साधा नकलाकार. मग काझी वारले, आणि लिलावाच्या दलालाच्या हातून मी पोथी गाठोड्यात सरकवली."

"शब्द त्यांचे आहेत हे मला पहिल्याच पानाला कळलं. मी रडलो, बाबा. खोटं असतं तर गाठोड्यात परत बांधलं असतं." अबू शिहाबने पोथी मिटली. "पण विचार कर. तुझा खोटा दाखला चालला, तर ताईतवाल्याचाही चालेल. खऱ्या दुधाला खोटी मोहोर लावलीस, आता पाणीवालाही तीच मोहोर लावील. मग शेखांचं खरं कोणतं, हे कुणालाच सांगता यायचं नाही."

वहबानने काळ्या बोटांकडे पाहिलं. "आणि तुम्ही हे बाजाराच्या अधिकाऱ्याला सांगितलंत, तर मला उलटं बसवून गाढवावरून फिरवतील. पुन्हा कुणी लेखणी देणार नाही. पोथी जाळतील. शेखांचं जे काही उरलंय, ते त्या पोथीबरोबर जाईल."

"म्हणून तर अधिकाऱ्याला नाही सांगत. खतीबांना सांगतो. आणि तू इथे बसूनच ऐकायचं."

खतीब कमालुद्दीन आले तेव्हा हौसेने हात चोळत आले. अबू शिहाबने त्यांना दूध-भाताचा वाडगा दिला, ते खाईतो थांबला आणि सगळं सांगितलं. भोकातली शाई, वर्तुळं, दयेचा शब्द, गाठ, काहीही झाकलं नाही. खतीबांचा चेहरा विटेसारखा लाल झाला.

"आणि हा इथेच बसलाय? गावाला फसवायला निघालेला?"

"माझ्या हातून झालंय," वहबान म्हणाला. "शिक्षा सांगा."

"शिक्षा मीच सांगतो," अबू शिहाब म्हणाला. "ऐकलेली माणसं अजून आहेत की. शेखांची बायको आहे, सित्त नुअमा. खलफ चणेवाला आहे, तो एका प्रवचनाला चुकला नाही. याने पोथी नव्याने लिहावी, चांगल्या पांढऱ्या कागदावर, वर्तुळं रिकामी सोडून. वर स्वच्छ लिहावं की मी हे आठवणीने, शेखांच्या मागे लिहिलं. मग तुमच्या मशिदीत या लोकांसमोर वाचावं. जे पटेल तिथे टिंब द्यायचं. पटणार नाही ते तसंच सोडायचं. आणि तो दाखला तुम्ही लिहायचा."

खतीबांनी पोथी उघडली, चांगली दोन पानं वाचली. कपाळावरची आठी हळूहळू उतरली. "दार आणि कडी," ते पुटपुटले. "हे मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकलंय." मग त्यांनी शेवटचं पान शिवणीपासून नीट कापून काढलं आणि वहबानच्या हातात दिलं. "शाई धुऊन टाक. आणि लाग कामाला."

वाचन सुरू झालं तेव्हा मशिदीचा कोपरा भरून गेला होता. वहबान आधी घाईघाईने वाचत होता, मग त्याला शेखांची चाल सापडली. पडद्याआडून सित्त नुअमा मधूनमधून म्हणायची, "हो, हे त्यांचंच." एकदा म्हणाली, "थांब रे. हे नाही त्यांचं. हे माझ्या सासूबाईंचं, ते नेहमी चोरायचे." सगळे हसले. ती ओळ वहबानला फार आवडायची, हे अबू शिहाबला त्याच्या वाचण्यावरून कळलं होतं. वहबानने लेखणी उचलली, समासात सासूबाईंचं नाव लिहिलं आणि पुढे वाचू लागला.

अशा बऱ्याच बैठकांनी पोथी पुरी झाली, आणि खतीब दाखला लिहायला बसले. ऐकणाऱ्यांची नावं घेता घेता ते थबकले. "खलफ, तू तिसऱ्या बैठकीला झोपला होतास. मी पाहिलंय. तुझ्या नावापुढे तसं लिहावं लागेल."

"झोपलो? डोळे मिटून ऐकत होतो, सरकार."

"घोरत ऐकत होतास?"

खलफ खाली मान घालून म्हणाला, "असं कायमचं लिहू नका हो. शेखांच्या पोथीत झोपाळू म्हणून राहीन मी."

"त्याला एकच उपाय," खतीब म्हणाले. "राहिलेलं ऐकून पुरं करायचं. मग लिहितो, पूर्ण ऐकलं."

लोक उठून गेले. कोपऱ्यात खलफ तेवढा उरला, मांडी घालून, पाठ ताठ करून. वहबानने तिसऱ्या बैठकीचं पान काढलं आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. आता त्याला घाई नव्हती. अबू शिहाबही जायला उठला होता, दुकान उघडं टाकून आला होता बिचारा. पण 'ऐका' या शब्दावर वहबानने स्वर जरा धरला, शेख धरत तसा, आणि अबू शिहाब जोडे हातात तसेच ठेवून खलफशेजारी बसला.