मागच्या तुकड्यातली शेड

टेंपोत लाकडी खोकी रचून झाली होती, दोर आवळून झाले होते. ड्रायव्हर चहा पिऊन हात पुसत उभा होता. सायली आत कॉम्प्युटरपुढं बसून माल गाडीतून न्यायला लागणारं ई-वे बिल काढत होती आणि ते निघता निघत नव्हतं. दोनदा माहिती भरली, दोनदा स्क्रीनवर तेच आलं: नोंदणी निलंबित.

आधी तिला वाटलं, आपलाच नंबर चुकला. मग तिनं जीएसटीचं पोर्टल उघडलं. तिथं नोटीस येऊन पडली होती. नोंदवलेल्या पत्त्यावर अधिकारी प्रत्यक्ष पाहणीला आले असता व्यवसाय आढळला नाही, म्हणून नोंदणी रद्द का करू नये याचा खुलासा सात कामकाजाच्या दिवसांत करावा, आणि निर्णय होईपर्यंत नोंदणी निलंबित.

व्यवसाय आढळला नाही! तिच्या पाठीमागं कटर किंचाळत होता. चार सुतार खिळे ठोकत होते, भुसा नाकातोंडात जात होता.

भरे गावातली ही शेड तिच्या सासूची, रत्नाबाईंची. पिरंगुटच्या कारखान्यांना यंत्रांचे भाग पाठवायला लागणारी खोकी आणि माल रचायचे लाकडी पॅलेट त्या बनवायच्या. नवरा वाल्मीक असताना दोघांनी सुरू केलेलं काम. ते गेल्यावर लोकांना वाटलं, आता कटर विकतील. रत्नाबाईंनी दुसरा कटर घेतला. सायली महाळुंग्याहून लग्न होऊन आली आणि बिलं, रिटर्न, बँक हे तिच्याकडं आलं. एकही रिटर्न तिनं उशिरा भरलं नव्हतं. म्हणूनच तिला रडू आलं.

"आत्याबाई, टेंपो सोडता येणार नाही."

रत्नाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग बाहेर जाऊन ड्रायव्हरला म्हणाल्या, "माल उतरव बाबा. आज जायाचा न्हाई."

"मालकीण, पिरंगुट तर हितंच हाय. कोण धरतंय?"

"कोण धरतंय म्हणून जायाचं आसतं का? उतरव."

दुपारी दोघी पौडला गेल्या. एसटी स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर दयानंद या कर सल्लागाराचं ऑफिस होतं. नोंदणी त्यानंच काढून दिली होती. त्यानं नोटीस वाचली, मग पाहणीचा अहवाल आणि त्यासोबतचा फोटो उघडला. फोटोत हिरव्या पत्र्याचं कुंपण, बंद फाटक आणि आत गवत.

"हे तर बिल्डरचं!" सायली म्हणाली.

गट नंबर एकशे बारा पूर्वी एकच होता. रस्त्याकडचा अर्धा भाग बिल्डरला विकल्यावर त्याचे दोन हिस्से पडले. एकशे बारा एक बिल्डरचा, एकशे बारा दोन घरचा, शेड असलेला. नोंदणीत मात्र नुसतं 'गट क्रमांक ११२, भरे' असं राहिलं. अधिकारी रस्त्यावरून आले, गट विचारला, कुणीतरी कुंपणाकडं बोट केलं. त्यात त्या दिवशी गावची जत्रा. शेड बंद, कटर बंद, मागं काही आहे हे कळायलाही मार्ग नव्हता. शेडवरची पाटी वादळात पडली होती, ती परत लावायची राहिली होती.

"म्हणजे चूक थोडी आपलीबी हाय," रत्नाबाई म्हणाल्या.

"ते उत्तरात लिहायचं नसतं, मावशी," दयानंद हसला. पण लगेच गंभीर झाला. "जागा तुमचीच आहे हे दाखवायला काय काय आहे? लाइट बिल अजून वाल्मीककाकांच्या नावावर. तेव्हा त्यांचं संमतीपत्र जोडलं होतं, ते आता नाहीत. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, पण सोबत दादासाहेबांचंही आहे. अधिकारी म्हणतील, सामाईक जमीन आहे, दुसऱ्या मालकाची संमती कुठंय?"

दादासाहेब म्हणजे रत्नाबाईंचे धाकटे दीर. रस्त्याकडचा भाग विकला तेव्हा त्यांना मागचा तुकडाही विकायचा होता. रत्नाबाईंनी सही दिली नाही. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नव्हतं. लग्नकार्यातसुद्धा एकमेकांकडं पाठ.

दयानंदला हे माहीत होतं. तो आवाज खाली घेऊन म्हणाला, "दुसरा मार्ग आहे. पिरंगुटमध्ये माझ्या ओळखीचा गाळा आहे. मागच्या तारखेचा भाडेकरार करू, पाटी लावू, चार फोटो काढू. कुणाच्या पाया पडायला नको."

सायलीनं सासूकडं पाहिलं. खरं सांगायचं तर त्या घडीला तिला तो मार्ग सोपा वाटला होता.

"त्या गाळ्यात माझा कटर हाय का?" रत्नाबाईंनी विचारलं.

"नाही, पण…"

"मग तितं माझा धंदा कसा आसंल? आमी खरं आसून खोटं कागूद कशाला करायचं? हाय ती जागा दाखवायची. न्हाई पटलं त्यास्नी, तर मग बगू."

दयानंद थोडा ओशाळला. मग त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि नीट कामाला लागला. काय काय गोळा करायचं ते त्यानं सांगत जावं आणि सायलीनं लिहून घ्यावं, असं तासभर चाललं.

पुढचे दिवस सायली तलाठी कार्यालय, ग्रामपंचायत आणि शेड यांच्यामध्ये फिरत राहिली. सातबारा, हिस्से दाखवणारा मोजणीचा नकाशा, शेडच्या घरपट्टीची पावती, 'ही शेड एकशे बारा दोनमध्ये असून तिथं खोकी बनवण्याचं काम चालतं' असा ग्रामपंचायतीचा दाखला. शेडमध्ये आलेल्या लाकडाची बिलं, कारखान्यांची पोच. फोटो असे काढले की रस्त्यावरचं कुंपण, त्याच्या बाजूची वाट आणि वाटेच्या टोकाची शेड ओळीनं दिसावी, आणि प्रत्येकावर ठिकाण आणि तारीख उमटावी. पाटी नव्यानं रंगवली, त्यावर जीएसटी नंबर घातला, नोंदणीचं प्रमाणपत्र दारातून दिसेल असं टांगलं.

कारखान्याकडूनही फोन आला. पोर्टलवर तुमची नोंदणी निलंबित दिसते, आम्ही दुसरीकडून माल घेऊ का? रत्नाबाईंनी फोन हातात घेतला. "घ्या साहेब, तुमचं काम आडवू नका. आमचं मिटलं की मी सवताहून सांगीन." फोन ठेवला आणि सुतारांना म्हणाल्या, "काम चालू ठिवो. माल बनाके रखो." त्यांची हिंदी अशीच होती, पण सुतारांना बरोबर कळायची. एकालाही त्यांनी घरी बसवलं नाही.

राहिली ती एकच गोष्ट. दादासाहेबांची सही.

"मी जाऊ का चुलतसासऱ्यांकडं?" सायलीनं विचारलं. "तुम्हाला बोलावं लागणार नाही."

"भांडान माझं हाय, तर मीच जायला पायजे," रत्नाबाई म्हणाल्या. "फकस्त कागूद मी सांगती तसं लिव."

त्यांनी जे सांगितलं ते ऐकून सायली चकित झाली. संमतीपत्राचा नमुना दयानंदनं दिला होता: सदर जागेत व्यवसाय करण्यास माझी हरकत नाही, एवढंच. रत्नाबाईंनी त्यात आणखी दोन वाक्यं घालायला लावली.

दादासाहेब ओट्यावर बसले होते. वहिनी फाटकातून येताना दिसल्या तसे ते उठले, पण 'या' म्हणाले नाहीत. रत्नाबाई आपण होऊन पायरीवर टेकल्या आणि कसलंही वळण न घेता सगळं सांगितलं.

दादासाहेबांनी ऐकलं. "म्हंजी आता माझी गरज लागली."

"लागली. म्हणून तर आले."

"आन मी म्हनलो, आधी तुकडा इकायला सही द्या, मग हितं सही करतो, तर?"

रत्नाबाईंचा आवाज चढला नाही. "तर मी उठून जाईन. धंदा बंद पडला तरी जागा इकायची न्हाई. तुमी सही दिली न्हाई म्हणून गावात एक सबूद बोलायची न्हाई. ते दोन येगळं हाय, भावजी. एकाला दुसरं बांधू नका."

मग दादासाहेब हळूच म्हणाले, "आमच्यात काय कमी कागदं झाली का? एक सही केली की हिस्सा गेलाच समजायचा. उद्या तुमची सून म्हनल, चुलतसासऱ्यानं सोडून दिलं."

"वाच गं," रत्नाबाई सुनेला म्हणाल्या.

सायलीनं वाचलं: "'ही जमीन आम्हा दोघांची सामाईक आहे. या संमतीनं माझा हिस्सा, हक्क कमी होत नाही, आणि मी तो सोडलेलाही नाही.'"

"हे कुणी लिवाय सांगितलं?"

"मी," रत्नाबाई म्हणाल्या. "तुमचं तुमाला न्हाई तर काय मला पायजे?"

दादासाहेबांनी कागद हातात घेतला. मग आत हाक मारली, "चष्मा आना. आन च्या टाका." चष्मा लावून त्यांनी कागद स्वतः पुन्हा एकदा वाचला आणि सही केली. त्या दिवशी सायली पहिल्यांदा त्या घरचा चहा प्यायली. सोबत त्यांनी आधार कार्डाची प्रतही दिली.

मुदतीच्या आत उत्तर पोर्टलवर चढलं. दयानंदनं मुद्देसूद लिहिलं होतं. त्यात रत्नाबाईंच्या आग्रहावरून एक ओळ होतीच: पत्त्यात हिस्सा क्रमांक नमूद नसल्यानं आणि जत्रेमुळं शेड बंद असल्यानं गैरसमज झाला असावा; पाटी पडलेली होती हे आम्हाला मान्य आहे. शेवटी विनंती, की पुन्हा एकदा पाहणी करावी. सुनावणीलाही तिघं पुण्याला गेले. साहेबांनी नकाशा आणि फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि फेरपाहणीचा हुकूम दिला.

निरीक्षक तरुण बाई होत्या, पहिल्या वेळी आलेल्या त्याच. गाडी रस्त्यावर थांबली तेव्हा कुंपणापाशी दादासाहेब आधीच उभे होते. कुणी सांगितलं नव्हतं. "ह्यो बिल्डरचा," ते मोजणीचे दगड दाखवत म्हणाले, "आन ह्या दगडापासून मागं आमचा. वैनी आन मी."

बाईंनी शेड बघितली, कटर चालू करून घेतला, मीटरचा नंबर लाइट बिलाशी ताडून पाहिला, सुतारांना नावं विचारली, फोटो काढले. मग थोड्या संकोचानं म्हणाल्या, "मागच्या वेळी मी आत यायला हवं होतं."

सायलीच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. त्याआधी रत्नाबाई बोलल्या. "तुमी काढलेला फोटू खराच हाय की, बाई. तितं रिकामंच हाय. पाटी आमची पडली हुती, तुमाला कसं कळणार?"

थोड्याच दिवसांत आदेश आला: खुलासा समाधानकारक, कार्यवाही बंद, निलंबन उठवलं. सायलीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. सुतारांनी टाळ्या वाजवल्या. दयानंदनं फोनवर सांगितलं की आता पत्त्यात हिस्सा नंबर घालायचा अर्ज लगेच कर, नाहीतर पुन्हा हेच होईल. ती तेव्हाच अर्ज भरायला बसली.

रत्नाबाईंनी कारखान्याला फोन लावला. "साहेब, मिटलं आमचं. तुमी दुसऱ्याकडनं घेतलं आसंल तर ते संपू द्या आधी, त्याचंबी पोट हाय." पलीकडचा माणूस हसला असावा, म्हणाला, उद्या सकाळी टेंपो पाठवा.

सायली अर्ज भरता भरता थांबली. माहेरी तिला सांगून पाठवलं होतं की सासू फार कडक आहे, जपून राहा. कडक होतीच. पण ती पहिली कडक होती ती स्वतःशी, हे तिला या दिवसांत उमगलं होतं.

"आत्याबाई, दयानंददादांनी आणखी एक विचारलंय. लाइट बिल आता तुमच्या नावावर करायचं का?"

रत्नाबाई लाकडाची फळी उलटून तिला गाठ आहे का बघत होत्या. "कर की. आन एक अर्ज दादासाहेबांच्या इहिरीच्या मीटरचाबी बग. तेबी अजून सासऱ्याच्या नावावर हाय. त्यास्नी कोण करून देणार?"