जिन्यातला होकार

"जा की, बिनधास्त जा," साहेब जिना उतरता उतरताच म्हणाले. धाकट्या बहिणीच्या ऑपरेशनसाठी रजा मिळाली खरी, पण घाईत साहेबांनी नेमकं कशाला हो म्हटलं, याची तिला खात्री वाटेना. प्रयोगशाळेतल्या आपल्या टेबलाशी येऊन तिने मेल लिहिला: "आज बोलल्याप्रमाणे या महिन्याच्या बारा ते सोळा तारखेची माझी रजा आपण मंजूर केलीत. काही चुकत असल्यास कळवावे."

"साहेबांच्या शब्दावर भरवसा नाही वाटतं?" शेजारच्या टेबलावरची ताई हसली.

"शब्दावर आहे गं, आठवणीवर नाही."

उत्तर आलं: "मी पुढचा महिना धरून चाललो होतो! या महिन्यात नेमकं त्याच आठवड्यात ऑडिट आहे. पण ऑपरेशन थांबणार नाही. ऑडिट मी सांभाळतो. बारा ते सोळा मंजूर."

ताईने मान लांबवून वाचलं. "साहेब आणि ऑडिट? अगं, हे बघायला तरी थांब!"

"तू बघ आणि मला सांग," म्हणत तिने बहिणीला फोन लावला.