दिवे लागायच्या आत

"आपल्या स्वप्नातल्या क्षणांना," इतकं लिहून स्वराली थांबली आणि मग तिनं ते पुसून टाकलं. स्वप्नातले क्षण काल पुसले होते, परवाही पुसले होते. मांडीवर उर्वी दूध पिता पिता झोपली होती. आईच्या गाऊनचं एक बटण तिनं मुठीत गच्च धरलं होतं, जणू ते सुटलं तर आईही सुटेल. म्हणून स्वराली एकाच अंगठ्यानं टाइप करायची.

फोनच्या पडद्यावर तो फोटो होता आणि खाली कॅप्शनची जागा रिकामी होती. रविवारच्या आत ती भरायची होती. रविवारी परागदादा येणार होता.

उर्वी व्हायच्या आधी स्वराली झाशीतल्या लग्नांचे फोटो काढायची, एकटीनं. इलाइट चौराह्यावर परागचा मोठा स्टुडिओ. तिथेच ती शिकली आणि मग स्वतःचं पेज काढून बाहेर पडली. बाळंतपणात दोन हंगाम हातचे गेले. गावात कुणी तरी सांगून टाकलं, 'उसका तो बच्चा हो गया, अब नहीं करती,' आणि ते लोकांनी धरूनच ठेवलं. आता परागनं निरोप धाडला होता. पेज स्टुडिओत मिळवून टाक, लेन्सा माझ्याकडे राहू देत, तू घरी बसून अल्बम लाव. बाळही सांभाळलं जाईल. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, आणि तेच जास्त बोचत होतं. एकदा ते पेज गेलं की दुसऱ्यांनी काढलेल्या फोटोंवरचे डाग पुसत बसायचं. कॅमेरा पुन्हा हातात येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्यानंतर साये सुरू. लग्नाच्या मुहूर्ताला इथे साया म्हणतात. ज्यांना फोटोग्राफर ठरवायचे होते त्यांचे बहुतेकांचे ठरलेही होते.

मागच्या आठवड्यात तिनं एक पोस्ट टाकली होती. रोषणाईतली वरात, धुराचे फवारे, वर लिहिलेलं, 'सगळ्या तारखा उपलब्ध, आजच बुक करा.' चौराह्यावरच्या प्रत्येक स्टुडिओची पोस्ट अशीच असते. तरी जवळच्या मोठ गावाहून एक फोन आला. फोन करणारीच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं, स्वतःचं नाव तिनं सांगितलं अहिल्या. स्वरालीचा आवाज आनंदानं चढला होता.

"जी, बिल्कुल खाली हूँ।"

"फेरे रात को दो बजे के आसपास होंगे, दीदी।"

स्वरालीनं उर्वीकडे पाहिलं. उर्वी बाटली तोंडाला लावू देत नव्हती. दिवे लागले की तिला फक्त आई हवी असायची. आजीच्या कडेवर ती रडून निळी पडायची.

"रात को मैं अपना असिस्टंट भेज दूँगी," स्वराली म्हणाली. असिस्टंट कुणी नव्हताच.

"आप नहीं आएँगी तो आपको क्यों बुलाएँ?" अहिल्या चिडून बोलली नाही, सरळच बोलली, आणि फोन ठेवला.

ते वाक्य स्वरालीच्या कानात रुतून बसलं होतं. भाजी चिरताना, लंगोट वाळत घालताना तेच. आपण नाही तर आपल्याला का बोलवायचं?

शुक्रवारी दुपारी सासूबाई, भानुमती, तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या घराण्याच्या पिढ्या याच गावात गेल्या. मराठी बोलता बोलता त्या मध्येच बुंदेलीत घसरायच्या.

"काय गं, त्या फोनकडे असं बघतेस जणू त्यानं तुझं काही चोरलंय."

"चोरलंयच, आई. रात्र चोरलीये."

"म्हणजे?"

"लग्नं रात्रीची असतात. उर्वीला सोडून मी रात्री जाऊ शकत नाही. आणि हे लिहिलं तर कोण बोलवेल मला?"

भानुमतींनी सूप खाली ठेवलं. "मग दिवसा येते म्हणून सांग ना, बिन्नू! माझं लग्न काय रात्री लागलं होतं? भर दुपारी अंतरपाट धरला होता. घामानं माझं कुंकू नाकापर्यंत आलेलं. तुझे सासरे हसले तर भटजी रागावले."

"आपली मराठी लग्नं इथे किती होतात, आई? वर्षातून एखादं."

"आणि या इथल्या लोकांचं काय सगळं रात्रीच होतं? नवरीला तेल चढतं ते दिवसा. हळद दिवसा. मायन, म्हणजे आपलं देवक बसवणं, तेही सकाळी. पोरगी घरातून निघते तीही सकाळीच. तेव्हा कुठे असतात तुमचे ते फोटोवाले?"

झोपलेले असतात, स्वरालीच्या मनात आलं. रात्रभर उभे राहून दमलेले, मांडवातल्या खुर्च्या जोडून, तोंडावर रुमाल टाकून. हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. फोनमधला तो फोटो त्याच वेळचा होता.

बबीना गावातल्या एका लग्नातली ती सकाळ. नवरी, ऐश्वर्या, गाडीत बसलेली, तिचा हात खिडकीबाहेर. बाहेर तिची आई त्या हातावरचं कंकण नीट करत होती. कंकण नीटच होतं. तरी ती पुन्हा पुन्हा गाठ चाचपत होती, कारण गाठ सोडली की हातही सोडावा लागणार होता. शामियान्याच्या पिवळ्या कापडातून ऊन गाळून आलं होतं. स्वरालीनं फ्लॅश लावला नव्हता, कुणाला 'इकडे बघा' म्हटलं नव्हतं. तेव्हा ती स्वतः कुणाची आई नव्हती. आज तो फोटो बघताना तिला नवरी दिसतच नव्हती.

तिनं ऐश्वर्याला फोन लावला. अल्बम दिला म्हणून फोटो जगापुढे मांडायची मुभा मिळत नाही. प्रत्येक वेळी विचारायचं, हा तिचा नेम होता.

"दीदी! कौन सा वाला? विदाई वाला?" ऐश्वर्यानं विचारलं. "उसमें मम्मी बहुत रो रही हैं। मम्मी का चेहरा मत डालिएगा। उन्हें अच्छा नहीं लगेगा।"

स्वराली हिरमुसली. तो चेहराच तर फोटो होता.

"और हाथ?" तिनं विचारलं. "सिर्फ़ दोनों के हाथ?"

"हाथ डाल दीजिए। हाथ तो मैं भी रोज़ देखती हूँ उसमें।"

स्वरालीनं फोटो कापला. आईचा चेहरा गेला, नवरीचा पदर गेला. गाडीची काच, दोन हात, एक कंकण आणि पिवळं ऊन एवढंच राहिलं. ती बघत राहिली. आता या दोन हातांना कुणाचंही नाव देता येत होतं.

शनिवारी उर्वी झोपल्यावर ती लिहायला बसली. परागदादानं शिकवलेलं डोक्यात होतं. पहिल्याच ओळीत ऑफर आणि तारीख, कारण पुढचं सगळं झाकलं जातं आणि बोट लावून उघडायचे कष्ट कुणी घेत नाही. तिनं पहिली ओळ फोटोलाच दिली. आधी हिंदीत लिहिलं, कारण गिऱ्हाईक हिंदीच. मग खाली मराठीत, कारण मनात ते तसंच आलं होतं:

'विदाईच्या सकाळी मांडवात सगळे झोपलेले असतात. ऐश्वर्याची आई जागी होती. कंकणाची गाठ पक्की होती, तरी ती चाचपत राहिली. मी काही न बोलता शेजारी उभी होते.

मी दिवसाच्या उजेडात काम करते: तेल, हळद, मायन, दुपारचं लग्न, सकाळची विदाई. मी स्वतः येते, माझ्या जागी दुसरं कुणी येत नाही. दिवे लागायच्या आत घरी जाते, तिथे माझं लहान माणूस वाट बघतं.

तुळशीच्या लग्नापासून होळीपर्यंतचे दिवस मोकळे आहेत. तुमच्या घरी पहिली हळद कोण लावणार, तेवढं मला कळवा. तारखेचं मग बोलू.'

जयदीप, तिचा नवरा, कंपनीतून आला तेव्हा तिनं वाचून दाखवलं. त्यानं बूट काढता काढता ऐकलं.

"खरमास?"

"अं?"

"मध्ये खरमास लागतो. तेव्हा इथे लग्न कोण लावतं? लोक म्हणतील, हिला पंचांगही कळत नाही."

स्वराली कपाळावर हात मारून हसली, फार दिवसांनी. 'खरमास सोडून' असं घातलं. मग हसू मावळलं. "जयदीप, रात्र नाही असं लिहिलंय मी. दार स्वतःच लावून घेतलंय."

"लावलेलंच होतं गं ते," तो हळूच म्हणाला. "तू फक्त पाटी लावलीस."

तिनं बबीन्याचं नाव टाकलं, त्या लग्नातल्या मेकअपवालीला आणि फुलवाल्याला जोडलं, पोस्ट वर पिन केली, तोच फोटो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला लावला. मग फोन उशीखाली दडवला.

रविवारी सकाळी पोस्टवर लाल बदाम बरेच आले होते. मावश्यांचे, मैत्रिणींचे. 'ब्यूटिफुल', 'रुला दिया यार'. तारीख कुणीच विचारली नव्हती. रडायला सगळे तयार होते, बोलवायला कुणी नाही. दुपारपर्यंत तिनं फोन उघडून बघायचंही सोडलं. कपाटातून कॅमेऱ्याची पिशवी काढली, एकेक लेन्स मऊ फडक्यानं पुसली आणि पुसता पुसता रडली. उर्वी रांगत आली आणि लेन्सचं झाकण तोंडात घालून बसली.

पराग आला तो पेढे घेऊन. "वाचलं मी. छान लिहितेस, पर स्वराली, हे धंद्याचं लिहिणं नाही. 'दिवे लागायच्या आत घरी जाते'? अगं, गिऱ्हाईकाला आपली अडचण सांगतं का कुणी?"

"अडचण नाही सांगितली, दादा. वेळ सांगितली."

"तेच ते. कोई फोन आया?"

स्वरालीनं नाही म्हणून मान हलवली. भानुमती चहा घेऊन आल्या, कप जरा आपटूनच ठेवला. परागनं पिशवीकडे हात केला. "मग नेऊ?"

त्याच वेळी फोन थरथरला. आधी तिला वाटलं आणखी एक बदाम. पण तो लांबलचक निरोप होता, मोठहून आलेला. तिनं वाचलं, मग तिचे ओठ हलायला लागले, आणि मग आपोआप मोठ्यानं वाचलं गेलं:

"दीदी, मैं अहिल्या। आपने पूछा है तो बता रही हूँ। पहली हल्दी बुआ लगाएँगी। उन्हें अब दिखता नहीं, छूकर लगाएँगी। माँ के बाद हमें उन्हीं ने पाला है। फेरों के लिए हम किसी और को बुला लेंगे। हल्दी और विदाई में आप खुद आएँगी ना?"

परागनं चहाचा घोट घेतला, तो गरम होता, त्यानं तोंड वाकडं केलं.

"एक लग्न आहे," तो शेवटी म्हणाला. "एका लग्नानं हंगाम होत नाही."

"माहीत आहे," स्वराली म्हणाली. तिनं पिशवी आपल्याकडे ओढली. "कदाचित दुसरं येणारही नाही. पण लेन्सा राहू देत, दादा."

"और पेज?"

"तेही."

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "उनके फेरों के लिए मेरा नंबर दे देना." आणि चपला घालून गेला.

स्वरालीनं उत्तर लिहायला घेतलं. 'मैं खुद आऊँगी,' इतकंच लिहिलं. मग तिनं उर्वीच्या तोंडातून झाकण काढून घेतलं. पोरीनं भोकाड पसरलं आणि आंधळ्यासारखे दोन्ही हात आईच्या चेहऱ्यावर फिरवू लागली, नाक, गाल, ओले डोळे. खिडकीत अजून ऊन होतं. भानुमतींच्या अंगठ्याला चहाआधी डब्यात भरलेल्या हळदीचा पिवळा डाग होता.

"आई," स्वराली म्हणाली, "जरा ती हळद हिच्या गालाला लावा ना. बोट लावून. डोळे मिटून लावा."

"कशाला गं?"

"मला बघायचंय कसं दिसतं."

भानुमतींनी डोळे मिटले आणि हात पुढे केला. स्वरालीनं कॅमेरा उचलला. बॅटरी कधीचीच उतरली होती, पडदा काळा. तरी तिनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि वरच्या काचेतून बघत राहिली.